वीस गुणवाले नेमके कोणत्या गटात? एका सूचनेच्या सीमांचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका प्रशिक्षण संस्थेत अभ्यासक्रम सुरू होण्याआधी ३० गुणांची चाचणी घेतली जाते. गुणांवरून उमेदवारांचे तीन गट पडतात. ज्यांना फारसं येत नाही त्यांना पायाभूत वर्ग, मधल्यांना पूरक वर्ग आणि ज्यांची तयारी चांगली आहे त्यांना थेट प्रवेश. संस्थेची आणि माणसांची ओळख इथे दिलेली नाही. गुण, गट आणि घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

शैक्षणिक प्रमुखांनी कार्यालयाला दिलेल्या सूचनेत एक ओळ होती: ‘ज्यांचे गुण दहा ते वीसच्या दरम्यान आहेत त्यांना पूरक वर्गात घ्यावे.’ उमेदवारांसाठी छापलेल्या माहितीपुस्तिकेत हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगितली होती: ‘२० किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना थेट प्रवेश मिळेल.’ दोन्ही वाक्यं एकाच व्यक्तीने लिहिली होती, पण वेगवेगळ्या आठवड्यांत. ती शेजारी ठेवून कोणी वाचली नव्हती.

आणखी एक बाब पुढे महत्त्वाची ठरली. चाचणीत काही प्रश्न लेखी उत्तराचे होते आणि त्यांना अर्धा गुणही मिळत असे. त्यामुळे १४.५ किंवा १९.५ असे गुण अगदी सर्रास होते.

अडचण कशी दिसली

चाचणी २१२ जणांनी दिली. वर्गांसाठी खोल्या ठरवताना समन्वयकांनी तिन्ही गटांच्या याद्यांची बेरीज केली, ती आली २१९. दोनदा मोजूनही सात जण जास्तच. त्यांना आधी वाटलं, काही नावं दोनदा नोंदली गेली असतील. पण नोंदणी क्रमांक तपासल्यावर डेटाबेसमध्ये एकही नोंद दुहेरी नव्हती. मग याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. सात जण पूरक आणि थेट या दोन्ही याद्यांत होते, आणि त्या सातही जणांचे गुण बरोबर २० होते.

त्याच दिवशी दुसऱ्या बाजूने तक्रार आली. काही उमेदवारांना निकालाचा मेसेजच पोहोचला नव्हता. पाठवलेले मेसेज मोजले तर ते १८२ भरले, म्हणजे ३० जण वगळले गेले होते. एकीकडे सात जास्त, दुसरीकडे तीस कमी. कार्यालयात पहिला अंदाज असा निघाला की मेसेज पाठवणारी यंत्रणा मधेच बंद पडली असावी. तसं झालेलं नव्हतं.

एक ओळ, तीन अर्थ

ही एकच सूचना तीन ठिकाणी वापरली गेली होती आणि तिन्ही ठिकाणी तिचा वेगळा अर्थ लागला होता.

याद्या काढणाऱ्या क्वेरीत पूरक गटासाठी अशी अट होती:

```sql
WHERE gun BETWEEN 10 AND 20
```

एसक्यूएलमध्ये `BETWEEN` दोन्ही टोकं धरूनच मोजतं. त्यामुळे १० वाले आणि २० वाले दोघेही पूरक यादीत आले. थेट प्रवेशाची अट मात्र पुस्तिकेवरून लिहिली होती, `gun >= 20`. साहजिकच २० वाले तिथेही आले. क्वेरी लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. घोळ मुळात त्या दोन वाक्यांमध्ये होता.

मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट दुसऱ्या प्रोग्रामरने पायथॉनमध्ये लिहिली होती:

```python
if gun < 10:
    gat = "पायाभूत"
elif gun in range(10, 20):
    gat = "पूरक"
elif gun > 20:
    gat = "थेट"
```

`range(10, 20)` मध्ये १० येतं, २० येत नाही. पुढची अट २० च्या वरच्यांसाठी आहे. म्हणजे बरोबर २० गुण असलेला उमेदवार कुठल्याच अटीत बसत नाही आणि स्क्रिप्ट गुपचूप पुढच्या नावाकडे जाते. त्याहून मोठी चूक पटकन लक्षात येत नाही: `range` म्हणजे सलग पट्टा नव्हे, ती १०, ११, १२ अशी १९ पर्यंतच्या पूर्णांकांची रांग आहे. १४.५ त्या रांगेत नाही. म्हणून अर्धा गुण असलेले मधल्या पट्ट्यातले २३ जणही सुटले. ७ अधिक २३, असे हे ३० जण.

तिसरं ठिकाण होतं शैक्षणिक प्रमुखांच्या अहवालातला आलेख. त्यातले गट पायथॉनमधल्या `pandas.cut` ने पाडले होते आणि गटांच्या सीमा ०, १०, २०, ३० अशा दिल्या होत्या. हे साधन वेगळं काही सांगितलं नाही तर प्रत्येक गटाचं वरचं टोक आत धरतं आणि खालचं टोक बाहेर ठेवतं. त्यामुळे १० वाले पायाभूत गटात गेले आणि २० वाले पूरक गटात. शून्य गुण कोणाला नव्हते म्हणून निभावलं, नाहीतर ते आलेखातून गळलेच असते.

तिन्ही ठिकाणचे आकडे शेजारी मांडले तेव्हा चित्र असं दिसलं:

| कुठून | पायाभूत | पूरक | थेट | बेरीज |
|---|---|---|---|---|
| क्वेरी | ४४ | १०२ | ७३ | २१९ |
| स्क्रिप्ट | ४४ | ७२ | ६६ | १८२ |
| आलेख | ५० | ९६ | ६६ | २१२ |

या तक्त्यात मला सर्वांत धोक्याची ओळ शेवटची वाटते. बेरीज एकूण संख्येपेक्षा जास्त आली तर दोन गट एकमेकांवर चढले आहेत, आणि कमी आली तर मधे फट राहिली आहे. ही तपासणी सोपी आहे आणि इथे तिच्यामुळेच गोष्ट उघड झाली. आलेखाची बेरीज मात्र बरोबर २१२ आहे. तरीही त्यात १० गुणांचे सहा आणि २० गुणांचे सात असे तेरा जण भलत्याच गटात आहेत. बेरीज जुळली म्हणजे प्रत्येक जण कुठल्या तरी एका गटात आहे, एवढंच कळतं. तो योग्य गटात आहे की नाही, ते कळत नाही. त्यासाठी सीमेवरचे उमेदवार वेगळे काढून प्रत्यक्ष बघावे लागतात.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय दोन्ही टोकं आत धरण्याचा. १० पासून २० पर्यंत पूरक, दोन्ही आकडे धरून, आणि २० च्या वर थेट प्रवेश. बोलण्यात आपण ‘दहा ते वीस’ म्हणतो तेव्हा बहुतेकांच्या मनात हाच अर्थ असतो. याद्या छापलेल्या होत्या, तेव्हा त्या फारशा बदलाव्याही लागल्या नसत्या. पण पुस्तिकेत दिलेला शब्द मोडला असता.

दुसरा पर्याय खालचं टोक आत आणि वरचं बाहेर ठेवण्याचा. १० किंवा अधिक पण २० पेक्षा कमी ते पूरक, आणि २० पासून पुढे थेट. गणितात हा अर्धा उघडा अंतराल, `[10, 20)` असा लिहितात. चौकोनी कंस म्हणजे ते टोक आत, गोल कंस म्हणजे बाहेर. एकामागून एक गट लावायचे असतील तेव्हा ही रीत फार सोयीची पडते, कारण एका गटाचा शेवट हाच पुढच्या गटाचा आरंभ असतो. त्यात फट राहत नाही आणि दोन गट एकमेकांवर चढतही नाहीत. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एका छोट्या टिपणात सलग पूर्णांकांसाठी याच रीतीची बाजू मांडली होती. पायथॉनचं `range` त्याच रीतीने चालतं.

तिसरा पर्याय एका शिक्षकांनी सुचवला: सरळ ० ते ९, १० ते १९ आणि २० ते ३० असे गट छापावेत, म्हणजे वादच नको. ऐकायला हे सर्वांत स्वच्छ वाटतं, आणि गुण पूर्णांकात असते तर ते चाललंही असतं. पण ९.५ आणि १९.५ यांचं काय? पहिला गट ९ वर संपतो, दुसरा १० वर सुरू होतो, आणि मधे अर्ध्या गुणाची माणसं लोंबकळत राहतात. ९.५ गुणांचे तीन जण होते, १९.५ चे पाच. वय पूर्ण वर्षांत मोजतात किंवा माणसं डोक्यांनी मोजतात तिथे अशी मांडणी उत्तम. इथे ती बसत नव्हती.

निर्णय कोणी आणि कसा घेतला

प्रोग्रामर दोघांचं म्हणणं होतं की त्यांनी आपसांत ठरवून दुसरा पर्याय घ्यावा आणि विषय संपवावा. समन्वयकांनी ते मान्य केलं नाही, आणि मला वाटतं तिथेच त्यांनी योग्य पाऊल उचललं. सात माणसं कोणत्या वर्गात बसतील हा प्रश्न कोडच्या सोयीने सोडवायचा नव्हता. तो ज्यांनी नियम केला त्यांना विचारायचा होता.

विचारण्याची पद्धत मात्र पहिल्या वेळी फसली. शैक्षणिक प्रमुखांना फोनवर विचारलं गेलं, “मॅडम, दहा ते वीस म्हणजे दोन्ही धरून ना?” त्या म्हणाल्या, “हो, अर्थात.” प्रश्नातच उत्तर होतं आणि घाईत त्यांनी त्याला होकार दिला. त्या होकारावर काम पुढे गेलं असतं तर सातही जण पूरक वर्गात गेले असते.

समन्वयकांनी पुस्तिका उघडून पाहिली आणि दुसऱ्यांदा विचारताना ‘धरून’, ‘दरम्यान’ हे शब्दच टाळले. त्यांनी सहा आकडे लिहिलेला कागद पुढे ठेवला: ९.५, १०, १०.५, १९.५, २०, २०.५. “मॅडम, यातला प्रत्येक जण कुठे बसेल, तेवढं समोर लिहून द्या.” हे सहा आकडे मनाला येतील तसे निवडलेले नव्हते. दोन्ही सीमांवरचा आकडा, त्याच्या एक पायरी खालचा आणि एक पायरी वरचा, असे ते होते. गुणांची सर्वांत लहान पायरी अर्ध्याची, म्हणून अर्ध्याने मागेपुढे. पाव गुण मिळत असते तर ९.७५ आणि १०.२५ विचारावे लागले असते.

उत्तर मिनिटभरात मिळालं आणि ते फोनवरच्या उत्तराच्या उलट होतं. २० समोर त्यांनी ‘थेट’ लिहिलं. “वीस म्हणजे तयारी झालेली आहे, त्याला पूरक वर्गात कशाला बसवायचं?” हेच त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं. १० समोर ‘पूरक’, ९.५ समोर ‘पायाभूत’. त्यांच्या डोक्यात सीमा अगदी पक्क्या होत्या. आकडा समोर ठेवून विचारलं तेव्हा त्या बाहेर आल्या.

त्या कागदावरून आणखी एक प्रश्न निघाला. छापलेल्या गुणपत्रकात दशांश दिसत नव्हते आणि स्प्रेडशीट १९.५ हे २० असं दाखवत होती. पाच उमेदवारांच्या हातात २० लिहिलेला कागद होता आणि नोंदीत गुण होते १९.५. मग सीमेशी तुलना कशाची करायची, नोंदीतल्या गुणांची की दिसणाऱ्या आकड्याची? दिसणारा आकडा मानला तर थेट प्रवेशाची सीमा प्रत्यक्षात १९.५ वर सरकते आणि पूरकची ९.५ वर. म्हणजे नियम न बदलता नियम बदलतो. प्रमुखांनी मूळ गुण प्रमाण मानायचं ठरवलं. माझ्या मते निर्णय बरोबर होता, पण त्या पाच जणांच्या बाजूने पाहिलं तर त्यांना मिळालेला कागद दिशाभूल करणाराच होता आणि त्यांची नाराजी रास्त होती.

काय केलं

सर्वांत आधी छापलेल्या याद्या मागे घेतल्या आणि राहिलेले मेसेज थांबवून ठेवले. मग गट ठरवण्याचा नियम एकाच ठिकाणी लिहिला, आणि याद्या, मेसेज, आलेख या तिघांनी तिथूनच गट घ्यायचा असं केलं:

```python
def gat(gun):
    if gun < 10:
        return "पायाभूत"
    if gun < 20:
        return "पूरक"
    return "थेट"
```

या मांडणीत १० आणि २० प्रत्येकी एकदाच लिहिले आहेत. जुन्या पद्धतीत पूरकची वरची सीमा एका अटीत आणि थेटची खालची सीमा दुसऱ्या अटीत होती, त्यामुळे त्या एकमेकींशी विसंगत होऊ शकत होत्या. इथे तसं होण्याला जागाच राहत नाही. प्रमुखांनी लिहून दिलेले सहा आकडे आणि त्यांची उत्तरं हीच या नियमाची चाचणी म्हणून कायम ठेवली.

एक बारीक गोष्ट मात्र सांभाळावी लागली. शेवटची ओळ वरचं सगळं ‘थेट’ मध्ये टाकते, म्हणजे टंकताना २५ ऐवजी ५२ पडले तर त्यालाही थेट प्रवेश. म्हणून गुण ० ते ३० मध्ये आहेत का, ही तपासणी आधी आणि वेगळी ठेवली. तिथे दोन्ही टोकं आत आहेत, कारण शून्यही मिळू शकतो आणि पैकीच्या पैकीही. अर्धा उघडा अंतराल इथे लावला असता तर ३० पैकी ३० मिळवणारा अवैध ठरला असता. म्हणजे ‘आमच्याकडे नेहमी वरचं टोक बाहेर’ असा सरसकट नियम करून चालत नाही. शेजारी दुसरा गट लागून आहे का, हे पाहून ठरवावं लागतं.

सूचनेचं वाक्यही बदललं: ‘१० किंवा त्याहून अधिक, परंतु २० पेक्षा कमी गुण असल्यास पूरक वर्ग.’ वाक्य लांबलं, पण वाचून कोणाला फोन करावा लागत नाही.

परिणाम

नवीन याद्यांत पायाभूत ४४, पूरक ९५ आणि थेट ७३, एकूण २१२. राहिलेल्या तीस जणांना मेसेज गेले, त्यांत सात थेटचे आणि तेवीस पूरकचे. गुणपत्रकं एक दशांश दाखवून पुन्हा दिली. १९.५ वाल्या पाच जणांपैकी दोघांनी फेरतपासणी मागितली, त्यात गुण बदलले नाहीत.

ही घटना घडल्यावर प्रोग्रामरनी संस्थेच्या इतर क्वेरीही चाळल्या आणि हजेरीच्या यादीत याच जातीची एक चूक सापडली. तिथे १ ते १५ तारखेची हजेरी अशी काढली जात होती:

```sql
WHERE vel BETWEEN '2023-06-01' AND '2023-06-15'
```

`BETWEEN` दोन्ही टोकं धरतं हे माहीत असूनही इथे फसगत होते. `vel` या रकान्यात तारखेबरोबर वेळही आहे, आणि नुसती तारीख दिली की ती त्या दिवशीच्या मध्यरात्रीची, म्हणजे दिवस सुरू होतानाची वेळ मानली जाते. टोक आत धरलं गेलं खरं, पण ते टोक १५ तारखेच्या पहिल्या क्षणाचं. त्या दिवशी सकाळी दहाला आलेला माणूस हजेरीतून गायब. दर पंधरवड्याचा शेवटचा दिवस असाच गळत होता आणि तो सुट्टीचा असेल असं समजून कोणी विचारलं नव्हतं. आता अट `vel >= '2023-06-01' AND vel < '2023-06-16'` अशी आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सहा आकड्यांचा कागद चाचणीच्या आधी भरून घेता आला असता. सूचना हातात आली त्याच दिवशी तो प्रमुखांपुढे ठेवला असता तर पुस्तिका आणि सूचना यांतला फरक छपाईआधी पकडला गेला असता. तेव्हा ९.५ आणि १९.५ हे आकडे विचारले जाण्यासाठी एक गोष्ट मात्र आधी माहीत असायला हवी होती: अर्धा गुण मिळतो ही. ती परीक्षकांना माहीत होती, प्रोग्रामरना नव्हती. मेसेजची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने गुण पूर्णांकच असणार असं धरलं, कारण त्याला दाखवलेल्या नमुना यादीत सगळे पूर्णांकच होते. नमुन्यासाठी निवडलेल्या नोंदींत एखादा अर्धा गुणवाला आणि एखादा २० वाला मुद्दाम घातला असता तर दोन्ही चुका पहिल्याच चाचणीत दिसल्या असत्या.

स्क्रिप्टच्या शेवटी ‘यातलं काहीच नाही’ अशा नोंदींसाठी एक `else` हवा होता, जो गप्प न बसता नाव आणि गुण छापेल. तीस जण वगळले गेले ते उमेदवारांनी विचारलं तेव्हा कळलं. ते मेसेज निघण्याआधी पडद्यावर दिसू शकले असते.

दुसऱ्या पर्यायाबद्दल माझी एक शंका अजून कायम आहे. कोडसाठी तो निर्विवाद चांगला, पण उमेदवारांसाठीच्या पुस्तिकेत ‘१० ते २० पूरक, २० ते ३० थेट’ अशी मांडणी पुढच्या वर्षी कोणीतरी जागा वाचवण्यासाठी करील आणि वीसचा आकडा पुन्हा दोन्हीकडे दिसेल. त्यासाठी पुस्तिकेत गटांच्या तक्त्याखाली सीमेवरची दोनच उदाहरणं छापावीत असं मी सुचवलं: ‘१९.५ गुण: पूरक वर्ग. २० गुण: थेट प्रवेश.’ प्रमुखांनी ते मान्य केलं आहे, आणि तक्ता बदलला तर ही उदाहरणंही त्याच वेळी तपासण्याचं काम समन्वयकांकडे दिलं आहे.